चतुःशृंगी चाळिसा : अकरा आठवड्यांनंतर, फलश्रुतीपाशी

पुण्याच्या चतुःशृंगी देवीवर मी मराठीत चाळिसा लिहितेय. मागच्या नोंदीत त्याचा आराखडा झाला होता, पण एकही कडवं पक्कं नव्हतं. आज चाळिसांपैकी चौतीस पक्की आहेत, सुरुवातीचा दोहा उभा आहे आणि ज्या शेवटच्या दोह्यावर मी महिनाभर अडले होते तो परवा सुटला. तो कसा सुटला हेच मुख्यतः सांगायचंय, पण त्यासाठी आधीचं थोडं सांगावं लागेल.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी सांगते, चाळिसा म्हणजे चाळीस काय, हे आधी ठरवावं लागतं. हनुमान चालीसेत आधी दोन दोहे, मग चाळीस कडवी आणि शेवटी एक दोहा आहे. दोहे चाळिसात धरत नाहीत. प्रत्येक कडव्यात सोळा सोळा मात्रांचे दोन चरण आहेत. शास्त्राप्रमाणे चौपाई चार चरणांची असते, पण म्हणणारे दोन चरणांनाच एक मोजतात. मीही तेच मोजमाप घेतलं. आपल्याकडे सोळा मात्रांचं पादाकुलक आहेच, आठ-आठचे दोन भाग. त्यामुळे मराठीत ही चौकट उपरी वाटत नाही.

सुरुवात चतुःशृंगीची असली तरी पहिलं नमन कसब्याच्या गणपतीला. पुण्यात दुसरं काही सुचणारच नाही.

कसब्याच्या गणनायका, आधी धरितो पाय ।
शब्द मिळावे नेमके, गाया डोंगरमाय ॥

दोह्यात तेरा आणि अकरा मात्रा, आणि अकराचा शेवट गुरू-लघू. हिंदीत असे शब्द पावलोपावली मिळतात, मराठीत शोधावे लागतात, कारण आपले बरेचसे शब्द दीर्घावर संपतात. ‘पाय’ आणि ‘माय’ ही जोडी हाती आली आणि दोहा एका बैठकीत झाला. ‘धरिते’ न लिहिता ‘धरितो’ लिहिलं, कारण हे मी एकटी म्हणणार नाही आणि ‘आम्ही धरितो’ असंही वाचता येतं.

पहिल्या कडव्यात देवीचं नाव यायला हवं होतं आणि तिथेच पहिली अडचण आली. ‘चतुःशृंगी’च्या मात्रा सात. आठाच्या भागात ते नाव बसवायचं तर एक लघू उरतो, आणि एका लघूचा कामाचा शब्द मिळत नाही. ‘जय’ लावलं की नऊ. शेवटी ‘चतुःशृंगिनी’ केलं. आठ मात्रा, आणि त्या तीन-तीन-दोन अशा पडतात, त्यामुळे टाळ चुकत नाही.

जय जय जननी चतुःशृंगिनी ।
डोंगरउदरी नित्य वासिनी ॥

आधी ‘डोंगरमाथी’ होतं. मात्रा तितक्याच. पण देऊळ माथ्यावर नाही, उतारावर आहे, आणि पायऱ्या चढून जाणाऱ्या कुणालाही ते लगेच खटकलं असतं.

आता मधली स्तुती. इथे सगळ्यात जास्त वेळ गेला. कडवी सुचत नव्हती असं नाही, उलट फार सुचत होती. दुसऱ्या आठवड्यात मी लिहिलं, ‘तुझ्या भक्तीने शक्ती येते’. म्हणताना जीभ अडखळली. मोजलं तर सतरा. आपण हिंदी चाळिसा ऐकत वाढलेलो असतो, कानात ‘भक्ति’ ऱ्हस्व असते, तीन मात्रांची. मराठी लेखनात शेवटची वेलांटी दीर्घ, म्हणून ‘भक्ती’ चार मात्रांची. हे एकदा कळलं की अर्धी चुकलेली कडवी कुठे चुकली ते आपोआप दिसतं. मी ‘तुझ्या कृपेने शक्ती येते’ केलं आणि सोळा झाल्या.

आणि दोन दिवसांनी ते कडवं काढून टाकलं. मात्रा बरोबर होत्या, पण ती ओळ तुळजाभवानीला चालते, महालक्ष्मीला चालते, कुठल्याही देवीला चालते. तेव्हापासून मी प्रत्येक कडव्यातलं नाव हाताने झाकून वाचते. उरलेलं वाचून देवी ओळखू आली तरच ते राहतं. त्या चाळणीत तेवीसपैकी चौदा गेली. वाईट वाटलं, पण जी नऊ राहिली त्यांच्याभोवती बाकीची नीट लिहिता आली. राहिलेल्यांपैकी मला सर्वात आवडतं ते हे :

गणेशखिंडीजवळी राहे ।
उंचावरुनी पुण्यास पाहे ॥

यावरून आत्याच्या भजनी मंडळात एक गंमतच झाली. मंडळातल्या एका काकूंनी ‘पुण्यास’ म्हणताना ‘पु’वर जोर दिला आणि ओळ लांबली. त्यांना वाटलं, देवी आपलं पुण्य बघते. त्या ‘पुण्या’त पु वर आघात येतो, म्हणून तो गुरू होतो आणि मात्रा सतरा होतात. आपल्या शहराच्या ‘पुण्या’त आघात नाही, पु लघूच राहतो आणि सोळा भरतात. अक्षरं तीच. जोडाक्षर दिसलं की मागचं अक्षर गुरू, असं डोळे मिटून मोजणाऱ्यांनी हे जरूर करून बघावं, मराठीत कानच शेवटचा न्याय करतो. अर्थ काकूंचाही चुकीचा नव्हता, पण ओळ मी तशीच ठेवली. पुढचं कडवं पेठांचं आहे, त्यामुळे आता कुणी अडखळत नाही.

दुसरी गोष्ट मंडळात बसल्याशिवाय कळलीच नसती. पहिल्यांदा सगळ्यांनी मिळून म्हटलं तेव्हा सगळ्या जणी चौदाव्या कडव्यावरून एकदम बाविसाव्यावर गेल्या. कुणाच्या लक्षातही आलं नाही. आत्या म्हणाली, “अगं, आज लवकर कसं संपलं?” मी वही काढून बघितली. चौदा आणि बावीस, दोन्ही ‘तूच’ने सुरू होत होती. पाठ म्हणताना माणूस पुढच्या कडव्याचा पहिला शब्द पकडून चालतो. तो शब्द दोनदा आला की पाय दुसऱ्या पायरीवर पडतो. स्तुतीत हे हमखास होतं, कारण ‘तूच’, ‘तुझी’, ‘जय’ हे शब्द आपोआप पुढे येतात. मी चाळीसही पहिले शब्द एका कागदावर खाली खाली लिहिले. अकरा ठिकाणी पुनरुक्ती निघाली. ती सगळी बदलली. आता एकही पहिला शब्द दोनदा नाही, आणि जिथे जमलं तिथे आधीच्या कडव्यातला शेवटचा विचार पुढच्या शब्दात पकडलाय.

मधल्या कडव्यांचा क्रमही यातूनच ठरला. आधी डोंगर आणि ठिकाण, मग कथा, मग नवरात्रातली जत्रा, मग मागणं. कथा मधोमध ठेवली, कारण सतत स्तुती चालू असताना वीस-बाविसाव्या कडव्यापाशी म्हणणाऱ्यांचा आवाज खाली येतो. तिथे काहीतरी घडायला लागलं की तो परत वर येतो. हे मी मंडळात तीनदा ऐकलं.

कथा पुणेकरांना माहीत आहे. दुर्लभशेठ नावाचा सावकार वणीच्या सप्तशृंगीचा भक्त. म्हातारपणी त्याला तो प्रवास झेपेना. देवी स्वप्नात आली, तुला येता येत नाही तर मीच तुझ्याकडे येते म्हणाली, आणि या डोंगरात तिची मूर्ती सापडली, असं सांगतात. त्यातलं एक कडवं :

दूर वणीची वाट चालला ।
वयासवे पण पाय भागला ॥

आता शेवट. जुन्या आराखड्यात छत्तीस ते चाळीस ही पाच कडवी फलश्रुतीची होती. धन मिळेल, रोग जाईल, संकट टळेल, परीक्षेत यश मिळेल, असं सगळं. हनुमान चालीसेत फळ चाळिसाच्या आत, शेवटाजवळ आहे, चाळिसाव्या कडव्यात कवीचं नाव येतं आणि शेवटचा दोहा फळाचा नसून मागण्याचा आहे. समर्थांच्या भीमरूपीत फळ सांगून झाल्यावर स्तोत्र स्वतःला ‘पंधराश्लोकी’ म्हणून मोजतं. दोन्ही नमुने समोर ठेवून मी पाच कडवी लिहिली आणि आत्याला वाचून दाखवली.

तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “हे धन कुठून आलं गं? मगाशी कथेत तर धन नव्हतं.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. फळ बाहेरून चिकटवलेलं होतं. आधीच्या पस्तीस कडव्यांत ज्याचा मागमूस नाही ते शेवटी अचानक कसं मिळणार? त्या रात्री मी कथेची कडवी परत वाचली. या देवीने केलेली गोष्ट एकच आहे : ज्याला तिच्याकडे जाता येईना, त्याच्याकडे ती स्वतः आली. मग चाळिसाचं फळही तेच असायला हवं. आत्याचे गुडघे गेल्याला चार वर्षं झाली. नवरात्रात ती खाली रस्त्यावरूनच हात जोडते.

पाचही कडवी काढली. ती जागा मागण्याला दिली आणि फळ एका दोह्यात आणलं :

ज्यास न चढवे पायरी, म्हणो घरात बसून ।
आई येइल त्या घरी, डोंगर हा उतरून ॥

‘येईल’ला ‘येइल’ केलंय, तेवढी सूट पूर्वापार घेतली जाते. ‘बसून’ आणि ‘उतरून’मुळे गुरू-लघू शेवट मिळाला. चाल पहिल्या दोह्याचीच ठेवली आहे. चाळीस कडवी एका चालीत गेल्यावर ती जुनी चाल परत आली की न सांगता सगळ्या टाळ खाली ठेवतात. मंडळात संपूर्ण म्हणायला साधारण नऊ मिनिटं लागतील.

आत्याने हा दोहा दोनदा म्हणवून घेतला. मग म्हणाली, “‘हा’ का? ‘तो’ नको?” मी म्हटलं, “खिडकीतून दिसतो ना आत्या.” ती खिडकीकडे बघून परत एकदा म्हणाली, ‘हा’वर थोडं थांबून.

मोकळ्या झालेल्या पाच जागा आणि सत्ताविसावं कडवं बाकी आहे. सत्ताविसाव्यात जत्रेचं वर्णन आहे आणि ‘पाळणे’ शब्दाला अजून यमक सापडलेलं नाही. ‘माळणे’ आणि ‘टाळणे’ दोन्ही करून बघितले, दोन्ही ओढून आणलेले वाटतात. कुणाला सुचलं तर कळवा. नाममुद्रा घालायची की नाही हेही ठरायचंय. आत्या म्हणते घाल, मला वाटतं चाळिसाव्या कडव्यात मंडळाचं नाव यावं, पण ते बावीस मात्रांचं आहे.