आरटीएक्स ३०६० वर सायबरपंकचं पाथ ट्रेसिंग: माझा अनुभव

सायबरपंक २०७७ या गेममध्ये पाथ ट्रेसिंग आलं एप्रिल २०२३ ला, 'ओव्हरड्राइव्ह' या नावाने. तेव्हाच सांगितलं गेलं होतं की हे ४०७० टीआय आणि त्याच्या वरच्या ग्राफिक्स कार्डांसाठी आहे. जुन्यांपैकी ३०९० चालेल, तेही १०८०पी ला सेकंदाला ३० फ्रेमवर. माझ्याकडे सेकंडहँड घेतलेलं आरटीएक्स ३०६०, १२ जीबीवालं, सोबत रायझन ५ ५६०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि साधा १०८०पी मॉनिटर. म्हणजे माझं कार्ड यादीच्या जवळपासही नव्हतं. पण मेन्यूत ऑप्शन दिसत होता, चालू करता येत होता. मग सोडतो कशाला?

हा मोड एवढा जड का, ते आधी कळलं तर पुढची सेटिंग्ज आंधळेपणाने फिरवावी लागत नाहीत. साध्या रे ट्रेसिंगमध्ये चित्र जुन्या पद्धतीनेच बनतं आणि त्यावर सावल्या, प्रतिबिंबं यांपुरते किरण वापरले जातात. पाथ ट्रेसिंगमध्ये जवळजवळ सगळाच उजेड किरणांवरून काढतात: प्रत्येक पिक्सेलमागे दोन किरण, आणि प्रत्येक किरण दोनदा आपटून उसळतो. दोन किरण म्हणजे काहीच नाही खरं तर. सिनेमाच्या एका फ्रेमसाठी पिक्सेलमागे शेकडो किरण सोडतात. त्यामुळे कच्चं चित्र नुसतं दाणेदार असतं, आणि ते दाणे पुसून गुळगुळीत चित्र काढणं हे दुसरं मोठं काम. कार्डाचा दम या दोन कामांत जातो.

पहिल्यांदा काहीही न बदलता, पूर्ण १०८०पी ला चालू केलं तर १२-१३ एफपीएस मिळाले. स्लाइड शो म्हणा. पण यात निराश होण्यासारखं काही नव्हतं, कारण ४०९० सुद्धा पूर्ण ४के ला, अपस्केलिंगशिवाय, विशीच्या आसपासच घुटमळतं. हा मोड अपस्केलिंग, म्हणजे कमी पिक्सेलांवर चित्र बनवून ते मोठं करणं, धरूनच बनवलेला आहे. अस्सल रिझोल्यूशनवर तो कोणीच खेळत नाही.

आता साधा हिशोब. १०८०पी म्हणजे साधारण २०.७ लाख पिक्सेल. डीएलएसएस, म्हणजे एनव्हिडियाचं अपस्केलिंग, क्वालिटीवर ठेवलं की गेम आतून ७२०पी वर चालतो, म्हणजे ९.२ लाख. परफॉर्मन्सवर ५४०पी, म्हणजे ५.२ लाख, बरोबर चौथा हिस्सा. किरण पिक्सेलमागे मोजले जातात, त्यामुळे किरणांचं कामही चौथ्या हिश्श्यावर येतं. फ्रेम मात्र चौपट होत नाहीत, कारण बाकीची कामं तेवढीच राहतात. माझ्याकडे क्वालिटीवर २२ च्या आसपास आणि परफॉर्मन्सवर ३२ ते ३४ मिळाले. त्याखाली अल्ट्रा परफॉर्मन्स आहे, आतून ३६०पी. त्यात फ्रेम वाढतात, पण लांबच्या खिडक्या आणि तारा वितळल्यासारख्या दिसतात. १०८०पी मॉनिटरवर ते मला तरी चालणार नाही.

तर ५४०पी हा माझा मुक्काम ठरला. पण इथे दुसरी अडचण येते. इतक्या कमी पिक्सेलांवर दाणे पुसणारा जुना डीनॉयझर गोंधळतो. रात्री, पाऊस पडून गेल्यावर गेममधल्या जिग-जिग स्ट्रीटवर उभा राहिलो. वर निऑनची पाटी लुकलुकत होती, खाली ओल्या रस्त्यावर तिचं प्रतिबिंब. पाटी विझली तरी रस्त्यावरचा गुलाबी उजेड क्षणभर मागेच रेंगाळायचा. माणूस चालत गेला की त्याच्यामागे धुरासारखी शेपटी राहायची. भिंतींवरचा अंधार तर सतत उकळत असल्यासारखा हलत होता.

याला उपाय म्हणजे रे रिकन्स्ट्रक्शन, एनव्हिडियाचा एआयवर चालणारा डीनॉयझर, जे सप्टेंबर २०२३ मध्ये २.० पॅचसोबत आलं. नाव ऐकून वाटतं की हेही ४० सीरिजवाल्यांचं असणार, पण तसं नाही, ते २० सीरिजपासून सगळ्या आरटीएक्स कार्डांवर चालतं. ४० सीरिजची अट आहे ती डीएलएसएसच्या फ्रेम जनरेशनला, म्हणजे दोन फ्रेमच्या मधले फ्रेम बनवून घालण्याला. दोन्ही एकाच मेन्यूत असल्याने बरेच जण हेही बंदच ठेवतात. चालू केल्यावर पाटीचं प्रतिबिंब पाटीसोबतच लुकलुकायला लागलं, अक्षरंही वाचता यायला लागली. बदल्यात माणसांचे चेहरे जवळून थोडे रंगवल्यासारखे, तेलकट दिसतात. मला हा सौदा मान्य आहे.

त्याच मेन्यूत डीएलएसएसचं मॉडेल निवडता येतं, जुनं कन्व्होल्यूशनल आणि जानेवारी २०२५ ला आलेलं ट्रान्सफॉर्मर. ट्रान्सफॉर्मरवर चित्र निःसंशय जास्त स्वच्छ, चेहऱ्यांचा तेलकटपणाही बराच जातो. पण रे रिकन्स्ट्रक्शनसोबत ते २० आणि ३० सीरिजला चांगलंच जड पडतं. माझे पाच-सहा फ्रेम गेले आणि आकडा ३० च्या खाली आला. नव्या कार्डवाल्यांनी डोळे झाकून ट्रान्सफॉर्मर घ्यावं, मी जुन्यावरच थांबलो.

शेवटचं काम आकडा स्थिर करण्याचं. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये कमाल फ्रेम रेट ३० ला बांधला. ३४ वरून २८ वर आणि पुन्हा ३३ वर उड्या मारणाऱ्यापेक्षा सरळ ३० हाताला खूपच बरा लागतो. गर्दीच्या बाजारात तरीही झटके येत होते, आणि तेव्हा कार्डाचा वापर ९९ टक्क्यांवरून खाली उतरत होता. म्हणजे अडत होतं ते प्रोसेसरपाशी. हलणारी प्रत्येक वस्तू किरणांच्या नकाशात दर फ्रेमला नव्याने मांडावी लागते, आणि त्यातला बराच भार प्रोसेसरवर पडतो. गेमप्ले टॅबमध्ये क्राउड डेन्सिटी मध्यमवर आणली, झटके बरेच कमी झाले. उलट सावल्यांची आणि स्क्रीन स्पेस रिफ्लेक्शनची सेटिंग्ज खाली आणून फारसं काही पदरात पडत नाही, कारण पाथ ट्रेसिंग चालू असताना त्यांचं काम किरणच करतात.

एएमडीचं फ्रेम जनरेशन कोणत्याही कार्डावर चालतं, म्हणून तेही करून पाहिलं. मीटरवर ५० च्या आसपास दिसतं, पण हात मात्र ३० पेक्षाही कमी फ्रेमवर असल्यासारखा जड होतो, कारण मधले फ्रेम बनवायलाही कार्डाचाच वेळ जातो. गाडी चालवताना चालेल. बंदूक रोखताना नाही.

माझ्या भाच्याकडे ४०६० चा लॅपटॉप आहे, ८ जीबीचा. त्याचं कार्ड किरणांच्या कामात माझ्यापेक्षा जोरात आहे, वर फ्रेम जनरेशनही आहे. तरी त्याचा फोन आला.

"मामा, सुरुवातीला मस्त चालतो, मग अचानक बसतो. गेम बंद करून उघडला की परत मस्त."

हे लक्षण व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, भरल्याचं. टास्क मॅनेजरमध्ये शेअर्ड जीपीयू मेमरी बघायला सांगितलं, ती चढत होती. कार्डाचा वापर भरपूर दिसत होता, पण वॅट उतरले होते. कार्ड काम करत नव्हतं, रॅममधून डेटा येण्याची वाट बघत होतं. तापमानामुळे बसलं असतं तर क्लॉक उतरला असता आणि गेम पुन्हा उघडून लगेच फरक पडला नसता. त्याला तीन गोष्टी करायला लावल्या. टेक्स्चर मध्यमवर, जे मुख्य मेन्यूतूनच बदलतं, खेळ चालू असताना नाही. मागे उघडा असलेला ब्राउझर बंद. आणि फ्रेम जनरेशन बंद, कारण तेही स्वतःपुरती मेमरी खातं. त्यानंतर तोही ३० ला बांधून खेळतो आणि बसण्याची तक्रार नाही. कागदावर पुढची पिढी, आणि अडलं कुठे तर मेमरीपाशी.

हे एकाच गेमचं दुखणं नाही. इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल, डिसेंबर २०२४ चा, मुळात रे ट्रेसिंगवाल्या कार्डाशिवाय सुरूच होत नाही, पण साधा मोड २०६० सुपर, ८ जीबीवर छान चालतो. पाथ ट्रेसिंगसाठी मात्र यादीत किमान ४०७०, १२ जीबी लिहिलं आहे, आणि तिथे १२ या आकड्याला खरंच अर्थ आहे. त्या गेममध्ये टेक्स्चरसाठी किती मेमरी राखायची ते ठरवणारं टेक्स्चर पूल साइज नावाचं सेटिंग आहे. ८ जीबी कार्डावर ते एक पायरी जास्त ठेवलं की साध्या मोडमध्येही गेम साठवरून एकदम सात-आठ फ्रेमवर कोसळतो, आणि पायरी खाली आणली की परत साठ. आपल्या गेममध्ये मेमरी भरते का हे तपासायला याहून चांगली जागा नाही.

ॲलन वेक २ जरा दयाळू आहे. त्यात पाथ ट्रेस्ड अप्रत्यक्ष प्रकाश हे वेगळं सेटिंग आहे, ते बंद ठेवून थेट दिव्यांचे किरण चालू ठेवता येतात. त्या गेमचा निम्मा जीव टॉर्च आणि सावलीत आहे, त्यामुळे तिथे ही अर्धी सोयही भरपूर वाटते. शिवाय गेम संथ, ३० फ्रेम बोचत नाहीत. ब्लॅक मिथ: वुकाँगचं बेंचमार्क टूल स्टीमवर फुकट आहे, गेम घेण्याआधी ते चालवून बघावं. बॉसची मारामारी ३० वर खेळायची तुमची तयारी आहे का, हे तिथेच कळेल.

एएमडीच्या जुन्या कार्डवाल्यांना खोटी आशा दाखवणार नाही. मित्राच्या आरएक्स ६७०० एक्सटीला १२ जीबी मेमरी आहे आणि साध्या गेममध्ये ते माझ्या ३०६० ला मागे टाकतं, पण पाथ ट्रेसिंगमध्ये ते माझ्या बरंच मागे राहतं. त्या पिढीत किरण कुठे आपटला हे तपासणारं हार्डवेअर आहे, पण नकाशातून वाट काढण्याचं काम नेहमीच्या शेडरवर पडतं. वर रे रिकन्स्ट्रक्शनही नाही. तो फोटो मोडवर खूश आहे. सायबरपंकमध्ये ८ जीबी किंवा जास्त मेमरीच्या रे ट्रेसिंग कार्डांना खेळ साध्या मोडमध्ये खेळून फक्त फोटो पाथ ट्रेसिंगने काढता येतो. काही सेकंद थांबावं लागतं, पण स्थिर चित्राला फ्रेमची घाई नसते.

मी स्वतः आता दोन प्रकारे खेळतो. मोहिमा आणि मारामारी असेल तर पाथ ट्रेसिंग बंद, डीएलएसएस क्वालिटी, साठ फ्रेम. रात्री नुसतं शहरात भटकायचं असेल तर पाथ ट्रेसिंग चालू, परफॉर्मन्स, रे रिकन्स्ट्रक्शन, जुनं मॉडेल, ३० ला बांधलेलं. दोन्ही मोडमध्ये टेक्स्चर हायच, कारण १२ जीबीत ते बसतं.