तुम्ही विचारलंत म्हणून: सुटली, सोडली की काढली

"आजीच्या तेराव्याला वाचलंस त्यात मधेच इंग्रजी कशाला घुसडलंस? बसलेली सगळी सोलापूरचीच होती की."

सगळी नव्हती. काकांची धाकटी मुलगी पहिल्या रांगेत बसली होती आणि थोरला टेक्सासहून फोनवर होता. तो फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला तुम्ही सगळ्यांनी पाहिलात. दोघांना 'जेवलीस का', 'ये', 'बस' एवढं मराठी येतं. त्यांचीही आजीच होती ती. हे माझं ठरलेलं उत्तर. वर्षभर हेच देत आलेय आणि ते खोटं नाही. पण पुरतं खरंही नाही.

आधी मी सगळा लेख दोन्ही भाषांत केला होता. एक परिच्छेद मराठी, लगेच त्याचं इंग्रजी. घरात मोठ्यानं वाचून बघितलं तर चौदा मिनिटं झाली, आणि प्रत्येक वेळी अर्धी माणसं नुसती बसून राहणार हे कळलं. शिवाय आजीच्या तोंडचं 'का बे, पाय हायत का चाकं' हे इंग्रजीत सांगितलं की नुसती चौकशी वाटते. म्हणून भाषांतर सोडलं. मराठीत गल्लीला माहीत असलेली आजी आणि इंग्रजीत मुलांना माहीत नसलेली आजी, असं ठरवलं. इंग्रजीचे दोनच तुकडे ठेवले, मिळून दीड मिनिटाचे. तेही देवनागरीतच लिहिले, कारण रडवेल्या डोळ्यांनी एका कागदावर दोन लिप्या वाचणं मला जमलं नसतं.

पहिल्या तुकड्यात काही नव्हतं. कडक भाकरी, शेंगाचटणी, गड्ड्याच्या जत्रेत थोरला हरवला ती गोष्ट. भांडण दुसऱ्या तुकड्यावरून आहे.

त्यात विड्या होत्या. पहिल्या मसुद्यात मी 'हँड-रोल्ड सिगारेट्स' लिहिलं होतं. वाचल्यावर आजी चोरटा धंदा करत होती असं वाटायला लागलं. मराठीत लाडू वळतात, वाती वळतात, विड्याही वळतात. एकच हात, एकच क्रियापद. इंग्रजीत 'रोल्ड'च्या शेजारी सिगारेट आली की लाडू वळणारा हात दिसतच नाही. मग नाव टाकून देऊन कामच सांगायचं ठरवलं. तेंदूचं पान रात्री भिजवायचं, ओल्या गोणपाटात गुंडाळायचं, सकाळी पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापायचं, तंबाखू भरून वळायचं, तोंड नखानं मुडपायचं, दोरा बांधायचा. पंचवीसची एक जुडी, चाळीस जुड्या म्हणजे हजार. हजारावर मजुरी. कारखान्यात चेकर वाकडी, सैल विडी बाजूला काढायचा. ती छाट. तिचे पैसे नाहीत. पान कमी पडलं तर पदरचं आणायचं. हे सगळं मुलांना समजेल असं उतरवायला मला चार रात्री लागल्या. त्या मेहनतीबद्दल मला आजही वाईट वाटत नाही.

त्याच्या शेवटी दोन वाक्यं होती: 'शी रोल्ड अ थाउजंड अ डे सो युवर फादर कुड बिकम अ‍ॅन इंजिनिअर. हर डॉटर लेफ्ट स्कूल अँड सॅट बिसाइड हर.'

काकांनी मान खाली घातली. आजी 'होममेकर' होती एवढंच त्यांनी घरी सांगितलं होतं, हे मला ठाऊक होतं. फोनमधून थोरला म्हणाला, "वेट, व्हॉट?" आणि ज्यांना ज्यांना इंग्रजी कळत होतं त्या सगळ्यांनी एकदम आत्याकडं बघितलं. आत्या पदर सावरून बसली. तिला वाटलं, डोक्याला काही लागलंय.

मी पुढचं मराठी वाचायला लागले.

पंगत उठल्यावर ती माझ्याजवळ आली. "इंग्रजीत काय म्हणलीस गं? समदे माझ्याकडं बघालते."

"आजीचं कौतुक केलं, आत्या. तुझं पण."

"असं का," म्हणाली आणि द्रोण गोळा करायला गेली.

त्या हजारातल्या चारशे विड्या आत्याच्या होत्या. कार्डावर नाव आजीचं, फंड आजीचा, चेकरची बोलणी आजीला. आत्या सातवीत होती. आजीचं बोट कात्रीनं कापलं म्हणून ती आठ दिवस घरी राहिली, आणि मग राहिलीच. ज्या बाईनं यातलं सगळ्यात जास्त केलं, तिला एकटीलाच मी काय वाचलं ते कळलं नाही. तेव्हाची मी म्हणायची, मुलांना कळावं हाच हेतू होता, त्यात लपवाछपवी कसली? पण मग मराठी भागात मी नुसतं 'फार कष्ट केले' का लिहिलं? गल्लीला सगळं माहीत आहे, तिथं काय उगाळायचं, हेही मी म्हणून बघितलं. काकांच्या सासरकडच्यांसमोर नको, हेही. पण सासरकडच्यांना इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं येतं. उरतं कोण?

काका माझ्याशी तीन महिने बोलले नाहीत. आता बोलतात. 'हे मी सांगायचं होतं, तू नाही,' म्हणाले. बरोबर असेल. पण वीस वर्षं होती त्यांच्याकडं.

धाकटीचं मात्र वेगळंच चाललं होतं. ती संध्याकाळी आत्याजवळ जाऊन बसली आणि बोटांनी वळल्यासारखं करून म्हणाली, "आत्या, दाखव." आत्यानं पेपरचा तुकडा फाडला, त्यात बडीशेप घातली, एका हातानं वळला आणि तोंड मुडपायला नख लावलं. कागद उलगडला. पुन्हा वळला, पुन्हा उलगडला. "कागुद नाही राहत गं. पान पायजे, ओलं." धाकटीला एक शब्द कळला नसेल, पण तिनं तो तुकडा बडीशेपेसकट पर्समध्ये ठेवला.

आत्या आता कुंभारीला राहते, विडी कामगार बायकांना 2006 साली जी घरं मिळाली त्यातल्या एका घरात. दिवाळीत गेले तेव्हा म्हणाली, "ते वाचून दाखव की एकदा. मराठीत." मी म्हटलं, लिहून आणते.

तो तुकडा मराठीत करायला बसले. पान, साचा, दोरा, जुडी, छाट हे अर्ध्या तासात झालं. हे शब्द मूळचे इथलेच, इंग्रजीतच त्यांची ओढाताण झाली होती. अडलं ते 'लेफ्ट स्कूल'वर. इंग्रजीत दोन शब्दांत भागलं होतं. कुणी सोडायला लावली हे सांगावं लागलं नव्हतं, आणि म्हणूनच ते वाक्य मला इतकं सहज लिहिता आलं. मराठीत तिची शाळा सुटली म्हणावं, तर शाळा रोजच सुटते. तिनं शाळा सोडली म्हणावं, तर तिनं सोडली नव्हती. आजीनं तिला शाळेतून काढलं हे खरं आहे, पण ते आजीवरच्या लेखात लिहायचं आणि तिच्याच लेकीला वाचून दाखवायचं.

तिन्ही लिहून बघितलीत. संक्रांतीला जायचंय तिच्याकडं.