फेस्टचं पत्र आणि पार्किंगमधल्या स्कूटी

मंगळवार, रात्री

डिसेंबर लागला की शोरूमच्या काउंटरवर कॉलेज फेस्टच्या फायली साचायला लागतात. चकचकीत कव्हर, मागच्या वर्षीच्या डीजे नाइटचे फोटो आणि शेवटच्या पानावर टायटल स्पॉन्सर, को-स्पॉन्सर, असोसिएट असे रकाने. आज दुपारी शेठनी त्यातल्या चार फायली माझ्या टेबलावर टाकल्या आणि म्हणाले, "मॅडम, ह्यातलं काय घ्यायचं ते तुम्हीच बघा. मला सगळ्या सारख्याच दिसतात."

तीन खरंच सारख्याच होत्या. मजकूर मुंबईच्या मोठ्या फेस्टच्या ब्रोशरवरून उतरवलेला कळतो. आयआयटी मुंबईचा मूड इंडिगो 1971 पासून चालतो, तिथे देशभरातून मुलं येतात, त्यामुळे देशभर माल विकणारी कंपनी तिथल्या स्टेजवर नाव झळकवते ते समजू शकतं. आमची सांगली-मिरज रस्त्यावरची इलेक्ट्रिक स्कूटरची एजन्सी. आमचं गिऱ्हाईक फार तर तासगाव-जयसिंगपूरहून येणार. त्याला 'ब्रँड व्हिजिबिलिटी' विकून काय उपयोग?

एका पत्रात 'आठ हजार फुटफॉल' लिहिला होता. कॉलेजच्या वेबसाइटवर प्रवेशक्षमता दिलेली असते, ती उघडली. चार शाखा, प्रत्येकी साठ जागा, चार वर्षं. म्हणजे सगळ्या जागा भरल्या तरी 960, वर थेट दुसऱ्या वर्षाला आलेले डिप्लोमावाले. बाहेरच्या कॉलेजची मुलं धरून दीड हजार म्हणा, फार तर दोन. उरलेले सहा हजार कुठून येणार हे पत्रात नव्हतं. आकडा फुगवला म्हणून राग येत नाही, सगळेच फुगवतात. पण तो आकडा पुसला की त्या पत्रात दुसरं काही उरतच नाही, ही अडचण आहे.

दुसऱ्या पत्रात 'ही रक्कम आपण सीएसआर खर्चात दाखवू शकता' असं ठळक अक्षरांत. सीएसआर म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायचा खर्च. मुळात त्याचा कायदा आमच्यासारख्या भागीदारी फर्मला लागूच नाही, तो ठरावीक आकाराच्या पुढच्या कंपन्यांसाठी. आणि ज्यांना लागू आहे त्यांनाही 2021 च्या दुरुस्तीनंतर हे जमत नाही. आपल्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून केलेलं प्रायोजन सीएसआरमध्ये धरता येत नाही, असं नियमातच लिहिलंय. एखाद्या कंपनीच्या अकाउंट्सवाल्याच्या हातात असं पत्र पडलं, तर तो पुढचं पान उलटायचाच नाही.

तिसऱ्यात 'पाच हजार विद्यार्थ्यांचा मोबाइल डेटा देऊ' हा फायदा म्हणून लिहिलेला. मुलांना न विचारता त्यांचे नंबर आम्हाला द्यायचे? 2023 चा डेटा संरक्षणाचा कायदा संमती मागतो, ते आहेच. शिवाय असल्या यादीवर फोन करून आमच्या पोरींनी शिव्याच खाल्ल्यात.

चौथं पत्र साधं, कॉलेजच्या लेटरहेडवर, दीड पानी. मी शेठना वाचून दाखवलं तो भाग इथे उतरवून ठेवते:

'आमच्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये मागच्या आठवड्यात सोमवारी आणि गुरुवारी दुपारी बारा वाजता आम्ही गाड्या मोजल्या. सोमवारी 612 आणि गुरुवारी 587 दुचाकी होत्या. त्यांपैकी इलेक्ट्रिक 19 आणि 21. विनागिअर स्कूटर निम्म्याहून थोड्या जास्त. फेस्टच्या दोन्ही दिवशी सगळ्या गाड्या ह्याच गेटने आत येतील. ह्या गेटच्या आत उजव्या हाताला दहा बाय दहाची जागा आम्ही आपल्याला देऊ. मुख्य स्टेजजवळची जागा मुद्दाम सुचवलेली नाही. तिथे आवाजामुळे कोणाशी बोलता येत नाही.'

शेवटची ओळ वाचली आणि शेठ हसले. मागच्या वर्षी एका कॉलेजात स्टेजशेजारच्या स्टॉलवर आमची दोन माणसं दोन दिवस कानात बोटं घालून बसली होती, ते त्यांना आठवलं.

पुढे मागणी होती चाळीस हजारांची. बदल्यात काय, तर ती जागा. वर्कशॉपमागच्या आतल्या रस्त्यावर सकाळी अकरा ते चार टेस्ट राइड, लायसन्स बघायला आणि हेल्मेट द्यायला त्यांचे दोन स्वयंसेवक. प्रवेशपासच्या मागच्या बाजूला आमचं कूपन, पास छापणार पंधराशे. दुसऱ्या कुठल्याही दुचाकी कंपनीला फेस्टमध्ये जागा नाही. आणि फेस्ट संपल्यावर आठ दिवसांत फोटो, टेस्ट राइडच्या नोंदवहीची प्रत आणि पासचा हिशेब. नोंदवहीत नंबर लिहायचा की नाही हे राइड घेणाऱ्याने ठरवायचं, तसा वेगळा रकाना ठेवू, असंही लिहिलेलं. स्टेजवरून नाव घेण्याचा उल्लेख एका ओळीत, तोही अगदी शेवटी. ह्या मुलांना कोणीतरी दुकानदारानेच शिकवलेलं असणार असं मला वाटलं.

मला त्या कूपनची गंमत वाटली. आमच्याकडे वर्तमानपत्रातल्या जाहिरातीचे पैसे देतो तेव्हा त्या जाहिरातीने कोण आलं हे कधीच कळत नाही. गिऱ्हाईक विचारलं की म्हणतं, "असंच आलो." पासमागचं कूपन घेऊन मार्चपर्यंत कोणी आलं, की आम्हाला सरळ मोजता येईल. काही नाही आलं तर तेही कळेल आणि पुढच्या वर्षी त्या मुलांना सांगता येईल.

शुक्रवार

मुलं आली होती. एक मुलगी, तिसऱ्या वर्षाची, बोलणारी. एक मुलगा, फाइल धरणारा. सोबत प्राध्यापक नव्हते, पण पत्रावर समन्वयक सरांची सही आणि प्राचार्यांचा शिक्का होता, आणि खाली 'धनादेश कॉलेजच्या नावे' असं स्पष्ट. हे मी आधी बघते. कुणा विद्यार्थ्याच्या नंबरवर पैसे टाका म्हणणारं पत्र कितीही छान असलं तरी आम्ही परत करतो. उद्या फेस्ट पुढे ढकलला तर भांडायचं कोणाशी?

शेठनी विचारलं, "चाळीसच का?"

मुलगी म्हणाली, "सर, मंडप आणि साउंड धरून आमचा खर्च..."

शेठनी तिला मध्येच थांबवलं. "तुमचा खर्च मला सांगू नका. मला काय मिळतंय ते सांगा."

ती क्षणभर गप्प झाली आणि मग म्हणाली, "सर, दोन दिवसांत साठ टेस्ट राइड झाल्या तर एका राइडमागे साडेसहाशेच्या आसपास पडतात."

शेठनी माझ्याकडे बघितलं. ऑनलाइन जाहिरातीवरून येणारी एक चौकशी आम्हाला त्याहून बरीच स्वस्त पडते, पण त्यातले बहुतेक फोनच उचलत नाहीत. गाडीवर बसून बघितलेलं माणूस वेगळं. तरी साठ हा तिचा अंदाज. एका डेमो गाडीवर पाच तासांत किती राइड होतील? लायसन्स बघणं, हेल्मेट, एक फेरी, थोडं बोलणं, ह्यात दहा मिनिटं सहज जातात. म्हणजे दिवसाला तीस. तिचा आकडा बसत होता, पण मध्ये एकही मिनिट वाया न घालवता. दोन डेमो गाड्या लागतील, हे तिथेच ठरलं.

मग आमचे अकाउंट बघणारे काका आले आणि त्यांनी मुलांना बसवून टॅक्स समजावला. कॉलेज ट्रस्टचं आहे, आम्ही भागीदारी फर्म, त्यामुळे प्रायोजनावरचा अठरा टक्के जीएसटी कॉलेजने लावायचा नाही, आम्हीच रिव्हर्स चार्जने भरायचा. तो आम्हाला पुढे क्रेडिट मिळतो, पण आधी रोख जातोच. चाळीस हजारांवर 7,200. शिवाय एका बिलाची रक्कम तीस हजारांच्या वर गेली की टीडीएस कापायचा, दोन टक्के, म्हणजे कॉलेजच्या हातात 39,200 पडणार आणि मुलांचा हिशेब आठशेने चुकणार. मुलगा हे सगळं फाइलच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहून घेत होता. काका भलतेच खूश झाले, त्यांचं एवढं लक्ष देऊन कोणी ऐकत नाही.

शेवटी तीस हजारांवर आलं. त्यातले पंधरा आत्ता, पंधरा रिपोर्ट आल्यावर. प्रश्नमंजूषेच्या बक्षिसाला आमच्याकडून पाच हेल्मेट, ती वेगळी. स्टेजवर बॅनर नको म्हणून सांगितलं, त्याऐवजी गेटजवळ आणि वर्कशॉपच्या वळणावर बाण दाखवणारे दोन फ्लेक्स. कूपनवर एक ओळ वाढवायची: 'पहिली सर्व्हिस मोफत' असं नको, ती कंपनी तशीही देते. मुलं हुशार आहेत, घरी जाऊन माहितीपत्रक वाचतील आणि हसतील. त्याऐवजी अॅक्सेसरीजवर ठरावीक सूट.

उठता उठता शेठनी विचारलं, "एकोणीस-एकवीसच गाड्या का? तुमच्या पोरांना परवडत नाहीत म्हणून?"

मुलगी म्हणाली, "तसं नाही सर. हॉस्टेलवाल्यांना चार्जिंगच नाही. खोलीत बॅटरी नेली तर रेक्टर ओरडतात. पार्किंगला एकही सॉकेट नाही."

हे त्यांच्या पत्रात नव्हतं, आणि माझ्या मते तीस हजारांपेक्षा मोठं तेच होतं. पार्किंगच्या कोपऱ्यात पंधरा अँपिअरचे चार पॉइंट आम्ही बसवून द्यायचे, वर आमचा छोटा बोर्ड, तो फेस्टनंतरही राहणार. शेठ लगेच तयार झाले. मी विचारलं, विजेचं बिल कोण भरणार? कॉलेजचं मीटर, गाड्या मुलांच्या. सबमीटर लावायचा म्हटलं तरी वसुली कोण करणार? आणि ट्रस्टच्या इमारतीत वायरिंगला परवानगी प्राचार्य एकटे देऊ शकतील असं मला वाटत नाही.

मुलगी सोमवारी समन्वयक सरांशी बोलणार आहे. मी तिला म्हटलं, "ह्यासाठी वेगळं पत्र दे गं, फेस्टच्या पत्रात घालू नकोस. नाहीतर चार्जिंग अडकलं की तुमचे तीस हजारही अडकतील."

उद्या इलेक्ट्रिशियनला अंदाजपत्रक विचारायचं. आणि दुसरी डेमो गाडी त्या दोन दिवसांसाठी मिरजेच्या शाखेकडून मागून घ्यायची. ते नाही म्हणणार, म्हणून शेठनाच फोन करायला लावायचा.