चार आकड्यांवर अडकलेली मोजणी: माझा अनुभव

माझे तीन दिवस एकाच ओळीवर गेले. इन्व्होल्यूशन नावाच्या मांडण्या मोजण्याच्या एका टिपणात लिहिलं होतं, «शेवटच्या घटकाचं स्थान पाहिलं की रिकरन्स उघडच आहे», आणि पुढे थेट तो रिकरन्स, म्हणजे मागच्या आकड्यांवरून पुढचा आकडा काढायचं सूत्र:

```
a(n) = a(n-1) + (n-1)·a(n-2)
```

मला काहीच उघड दिसत नव्हतं. त्या ‘उघडच’चा राग अजून आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मोजायचं होतं ते असं. १ ते n हे आकडे n जागांवर मांडायचे. अशा मांडणीला पर्म्युटेशन म्हणतात. मांडणी उलटी करायची, म्हणजे ‘कोणत्या जागेवर कोण’ याऐवजी ‘कोण कोणत्या जागेवर’ असं वाचायचं. दोन्ही वाचनं तंतोतंत सारखी आली तर ती मांडणी इन्व्होल्यूशन. ३ २ १ घ्या: पहिल्या जागेवर ३ आहे आणि तिसऱ्या जागेवर १. हे जमतं. २ ३ १ मध्ये पहिल्या जागेवर २ आहे, पण दुसऱ्या जागेवर १ नाही, ३ आहे. हे नाही जमत. थोडक्यात, इन्व्होल्यूशनमध्ये प्रत्येक आकडा एक तर स्वतःच्या जागी बसतो, नाहीतर दुसऱ्या एकाशी जागेची अदलाबदल करतो. तिघांचं चक्र चालत नाही. n आकड्यांच्या अशा इन्व्होल्यूशन किती, तो आकडा म्हणजे a(n). एवढं मला पहिल्या अर्ध्या तासात कळलं होतं.

अडकले ते पुढे. शेवटच्या घटकाचं कशाला काढायचं, असं मला वाटलं. सरळ विचार केला: एक तर काहीच हलत नाही, अशी मांडणी १. नाहीतर निदान एक जोडी अदलाबदल करते. ती जोडी निवडायची आणि उरलेल्या n−२ आकड्यांची कुठलीही इन्व्होल्यूशन घ्यायची. जोड्या n(n−1)/2, म्हणून

```
a(n) = 1 + n(n-1)/2 · a(n-2)
```

n = २ ला १ + १ × १ = २. बरोबर. n = ३ ला १ + ३ × १ = ४. हेही बरोबर, कारण तीन आकड्यांच्या सहा मांडण्यांपैकी चारच जमतात. मी खूश झाले आणि पुढे गेले. n = ४ ला १ + ६ × २ = १३. टिपणातल्या सूत्राने मात्र १०.

मला वाटलं टिपणात छपाईची चूक आहे. मग चोवीसही मांडण्या कागदावर लिहिल्या, एकेक तपासली. दहाच निघाल्या. म्हणजे माझं सूत्र तीन जास्त मोजत होतं आणि कोणत्या तीन ते मला दिसत नव्हतं, कारण सूत्र मांडण्यांची यादी देत नाही, फक्त आकडा देतं. हा सगळ्यात त्रासदायक भाग होता. दुसऱ्या दिवशी वाटलं, बहुधा सगळं दुप्पट मोजलं जातंय. म्हणून दोनाने भागलं: १ + ६ = ७. आता तीन कमी!

उलगडा झाला तो जोडी निवडतानाच ती लिहून ठेवायला लागल्यावर. आधी १ आणि २ ही जोडी निवडली, आणि उरलेल्या ३, ४ ची अदलाबदल केली: २ १ ४ ३. पुढे कधीतरी ३ आणि ४ ही जोडी निवडली, उरलेल्या १, २ ची अदलाबदल केली: पुन्हा २ १ ४ ३. तीच मांडणी दोन दारांनी आत आली होती. चार आकड्यांत दोन-दोन जोड्यांच्या अशा मांडण्या तीनच आहेत: २ १ ४ ३, ३ ४ १ २ आणि ४ ३ २ १. त्या प्रत्येकी दोनदा मोजल्या गेल्या, एकाच जोडीच्या सहा मांडण्या मात्र एकदाच. म्हणून सरसकट दोनाने भागून उपयोग नव्हता. आणि n = ३ पर्यंत दोन जोड्या मावतच नाहीत, म्हणून तिथे चूक दिसणंच शक्य नव्हतं.

शेवटच्या घटकाचं काम आता कळलं. ‘कुठलीतरी जोडी’ म्हटलं की एका मांडणीत अशा अनेक जोड्या असू शकतात. ‘n कुठे बसला आहे’ या प्रश्नाला प्रत्येक मांडणीत एकच उत्तर असतं. n स्वतःच्या जागी असेल तर बाकीच्या १ ते n−१ आकड्यांची इन्व्होल्यूशन उरते: a(n-1). n जर k या जागेवर असेल, तर n च्या जागेवर k असायलाच हवा. त्याला दुसरा पर्याय नाही. एका प्रश्नात दोन आकडे ठरतात, म्हणून मागे a(n-2). आणि k साठी जागा n−१.

पाच आकडे घेऊन पाहा. ५ दुसऱ्या जागेवर आहे असं धरा. मग पाचव्या जागेवर २. उरले १, ३, ४. इथे मी थोडी घुटमळले, कारण ते १, २, ३ नाहीत. पण कोण कोणाशी अदलाबदल करतो एवढंच मोजायचंय, आकड्यांची नावं नाहीत. मिळतात चार मांडण्या: १ ५ ३ ४ २, ३ ५ १ ४ २, ४ ५ ३ १ २, १ ५ ४ ३ २. ५ साठी अशा चार जागा, म्हणून १६. ५ आपल्या जागी असतानाच्या १० मिळवल्या की २६. माझं जुनं सूत्र इथे ४१ सांगायचं.

सुरुवात करताना a(0) = 1 ठेवा, हे आधीच सांगायला हवं होतं. रिकाम्या संचाची एक मांडणी असते. शून्य ठेवलं तर a(2) लाच १ येतो. पुढे १, १, २, ४, १०, २६, ७६, २३२, ७६४ असं चालतं. ७६४ मी संगणकावर सगळ्या ४०,३२० मांडण्या तपासून पडताळला:

```python
from itertools import permutations
n = 8
print(sum(all(p[p[i]] == i for i in range(n))
          for p in permutations(range(n))))
```

ही पडताळणी n = १० च्या पुढे नेऊ नका. n = १० लाच मांडण्या छत्तीस लाखांवर जातात. रिकरन्सला मात्र दोन मागचे आकडे पुरतात: ७६४ आणि २६२० वरून ९४९६ येतो.

जर्मन गणितज्ञ हाइनरिष आउगुस्ट रोथे यांनी हा रिकरन्स १८०० सालीच प्रसिद्ध केला होता. त्यांना तो कसा सुचला असेल याचा विचार मी अजूनही करते.

आणि एक तपासणी मला फार उशिरा सुचली, जिने माझे दोन दिवस वाचले असते. जी मांडणी इन्व्होल्यूशन नाही, तिची उलट मांडणी वेगळी असते, आणि त्या दोघी जोडीने येतात. म्हणजे इन्व्होल्यूशन नसलेल्या मांडण्यांची संख्या नेहमी सम. एकूण मांडण्या n = २ पासून समच असतात, म्हणून a(n) सुद्धा सम हवा. १३ विषम होता.