अर्धी भाकरी, चार वेळा

दर महिन्याच्या 9 तारखेला आमच्या ग्रामीण रुग्णालयात गरोदर मातांची विशेष तपासणी असते. जळगाव जिल्ह्यातल्या आसपासच्या गावांमधून त्या दिवशी बरीच गर्दी होते आणि आहारतज्ज्ञ म्हणून माझ्याकडे मुख्यतः ज्यांचे वजन वाढत नाही किंवा हिमोग्लोबिन कमी आहे अशा स्त्रिया पाठवल्या जातात. कापूस वेचणीच्या हंगामातल्या अशाच एका तपासणीला चौतिसाव्या आठवड्यातील एक पहिलटकरीण सासूबरोबर आली. तिच्या कार्डावर तिसाव्या आठवड्याला 52.4 किलो आणि त्या दिवशी 52.6 किलो वजन लिहिलेले होते. या काळात महिन्याला साधारण दीड ते दोन किलो वजन वाढावे अशी अपेक्षा असते, म्हणजे तिचे वजन जवळजवळ थांबलेलेच होते. हिमोग्लोबिन 9.8 होते.

"ताई, दोन घास खादात का छातीमा आग पडस," असे तिने सांगितले. सासूबाईंची तक्रार उलट होती. सून भरलेले ताट तसेच ठेवते, मग पोटातल्या बाळाला काय मिळणार, म्हणून त्या पुन्हा आग्रह करून वाढत आणि रात्री जळजळ वाढली की पाण्यात खायचा सोडा घालून देत. सोड्यातून सोडियम विनाकारण अंगात जाते, म्हणून तो त्याच दिवशी बंद करायला सांगितले.

जळजळ ऐकली की लगेच आहाराकडे वळू नये. शेवटच्या तिमाहीत पोटाच्या वरच्या भागात, बरगड्यांच्या खाली दुखत असेल, सोबत डोके दुखत असेल किंवा डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर ते पित्त नसून वाढलेल्या रक्तदाबाचे लक्षण असू शकते, आणि अशा बाईला आहाराचा सल्ला देत बसणे धोक्याचे ठरते. हिचा रक्तदाब 112/70 होता, लघवीत प्रथिने नव्हती, आणि बाळाची वाढ वैद्यकीय अधिकाऱ्यांनी पाहून ठीक असल्याचे सांगितले होते. ग्लुकोजची तपासणीही मर्यादेत होती. ती तशी नसती तर पुढे सांगितलेल्या केळ्याबद्दल मला वेगळा विचार करावा लागला असता.

मग मी तिला आदल्या दिवशी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय खाल्ले ते सांगायला लावले. सकाळी रिकाम्या पोटी चहा आणि बिस्किटे, अकराच्या सुमारास वांग्याच्या तिखट भाजीबरोबर व ठेच्याबरोबर कशीबशी एक भाकरी, जेवताना तांब्याभर पाणी आणि लगेच आडवे होणे. दुपारी पुन्हा चहा, कधी एखादे केळे. रात्री नवऱ्याचे आणि सासऱ्यांचे झाल्यावर, साडेनऊला, दीड वाटी खिचडी, वर कच्चे तेल, आणि दहाला अंथरूण. अंदाजे हिशेब केला तर दिवसाचे अकराशे किलोकॅलरीच्या आसपास होत होते. तिची गरज दोन हजारांच्या जवळपास होती.

यात हट्टाचा भाग नव्हता. वाढलेले गर्भाशय जठराला वर ढकलते, त्यामुळे त्यात एका वेळी मावणारे अन्न खरोखरच कमी होते. शिवाय गरोदरपणातील संप्रेरकांमुळे अन्ननलिका आणि जठर यांच्यामधला स्नायूंचा झडपेसारखा भाग सैल पडतो आणि पोट भरले, त्यातच बाई आडवी झाली, की आम्ल वर येते. दुसऱ्यांदा वाढलेली भाकरी तिच्यासाठी अन्न नव्हतेच, ती रात्रीची जळजळ होती. हे सासूबाईंना समजावून सांगितले, आणि म्हणून थोडे थोडे करून दिवसातून सात वेळा खायला द्यायचे, असेही सांगितले. त्यांचा आग्रह थांबला, पण त्यांनी एक रास्त प्रश्न विचारला: सकाळी आठला वेचणीला जायचे, तर दिवसातून सात वेळा रांधायचे कोणी?

रांधणे दोनदाच होते, ते तसेच ठेवून आम्ही वेळा बसवल्या. सकाळी उठल्यावर चहाच्या आधी रात्रीची अर्धी भाकरी दुधात कुस्करून. साडेनऊला एक उकडलेले अंडे. त्यांच्या घरी ते चालत होते. साडेअकराला अर्धी भाकरी आणि कमी तिखटाचे घट्ट मुगाचे वरण. दीड वाजता डब्यात झाकून ठेवलेली दुसरी अर्धी आणि पालेभाजी. चारला केळे आणि मूठभर भाजलेल्या शेंगदाण्यांचा गुळातला लाडू. संध्याकाळी सातला खिचडीची एक वाटी, वर कच्च्या तेलाऐवजी चमचाभर तूप. आणि आठला अर्धी भाकरी वरणात कुस्करून. झोप दहाला, म्हणजे मध्ये दोन तास मिळतात. पाणी जेवताना घोटभर, बाकीचे दोन खाण्यांच्या मध्ये. तूप मी मुद्दाम चमचाभरच सांगितले, कारण तेलातुपाचे अन्न जठरात जास्त वेळ थांबते आणि जळजळ वाढवते.

सातच्या जेवणावर घरात थोडी चर्चा झाली. पुरुषांच्या आधी सुनेने जेवायचे, हे सासूबाईंना जड गेले. शेवटी त्यांनीच तोडगा काढला, की खिचडी शिजली की तिची वाटी चुलीजवळच काढून द्यायची. माझ्या सगळ्या तक्त्यापेक्षा हा तोडगा मोलाचा होता, असे मला आजही वाटते.

लोहाची गोळी ती जळजळीमुळे आठवड्यातून दोनतीनदाच घेत होती, तीही झोपताना. ती अडीच वाजता, दीडच्या खाण्यानंतर तासाभराने, बसून आणि चहापासून लांब घ्यायला सांगितली. कॅल्शियमच्या दोन गोळ्या साडेअकराच्या आणि सातच्या जेवणाबरोबर ठेवल्या, कारण लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतल्यास लोह कमी शोषले जाते. डॉक्टरांनी दिलेले आम्लनाशक औषधही लोहाच्या गोळीपासून किमान दोन तास दूर ठेवायचे होते.

आठवड्याने आशाताईंचा फोन आला. जळजळ बरीच कमी होती, पण अंगणवाडीत घेतलेले वजन जागचे हलले नव्हते. खाण्याच्या वेळा ती पाळत होती. मात्र साडेनऊला अंड्याऐवजी ताक, दीडला केळे आणि चारला चहा-बिस्किटे असे झाले होते, कारण पोटाला हलके वाटे. थोडे थोडे खाण्यात हमखास होणारी गडबड हीच आहे. वेळा वाढतात, पण प्रत्येक वेळचे खाणे इतके पातळ होते की दिवसाची बेरीज पहिल्याइतकीच राहते, किंवा त्याहून घटते. छोट्या वाटीत धान्य, डाळ, अंडे, दूध, शेंगदाणे यांपैकी निदान एक ठोस पदार्थ असलाच पाहिजे. ताक त्याच्यानंतर, तहानेला. आशाताईंनी तिच्या घरी जाऊन डबा कसा भरायचा ते दाखवले.

छत्तिसाव्या आठवड्याला वजन 53.5 किलो भरले. लोहाची गोळी रोज चालू होती. रात्रीची जळजळ मात्र पूर्ण गेली नव्हती. ती बहुधा बाळंतपणानंतरच थांबते, हे तिला आधीच सांगितले होते. डाव्या कुशीवर झोपून आणि पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवून ती आठवड्यातून एकदोनदाच जागी होत होती. आठच्या खाण्याने अजून जड वाटते असे ती म्हणाली, म्हणून ती अर्धी भाकरी काढून साडेनऊच्या अंड्याबरोबर दिली, आणि सातनंतर काही खायचे नाही असे ठरवले.