माझी आवड चुकीची कशी काय वो?

नवरात्र संपून तीन दिवस झाले होते. सकाळी दहाला दुकानाचं शटर वर गेलं तेव्हा इन्स्टाग्रामच्या इनबॉक्समध्ये अकरा मेसेज पडलेले. पहिलाच निपाणीच्या एका नेहमीच्या गिऱ्हाईक काकूंचा: "माझी आवड चुकीची कशी काय वो? लाल करून दाखवलासा की!"

मी बेळगावात एका साड्यांच्या दुकानाचं ऑनलाइन काम बघते. दुकान शहरात आणि शाखा निपाणीला. दिवाळीसाठी गुळेदगुड्डहून खणाच्या साड्या मागवायच्या होत्या, नव्वद नग. रंग दोन, मोरपंखी आणि आमसुली. कुठल्या रंगाच्या किती, ते अण्णांना, म्हणजे आमच्या मालकांना, दुपारपर्यंत विणकराला कळवायचं होतं. एकदा ताणा लागला की रंग बदला म्हणून सांगता येत नाही, आणि उरलेला माल आपल्याच कपाटात बसतो. म्हणून आदल्या संध्याकाळी आम्ही स्टोरी टाकून गिऱ्हाइकांनाच विचारलं होतं. टाकली होती आमच्याकडे नुकत्याच लागलेल्या मुलीनं. मी रात्री फक्त आकडे बघितले. 186 जणांनी उत्तर दिलेलं, त्यात 121 मोरपंखीला. अण्णांना मेसेज केला, "मोरपंखी साठ, आमसुली तीस." ते खूश.

काकूंचा मेसेज वाचून स्टोरी उघडली आणि कपाळाला हात लावला. पोरीनं पोलच्या जागी क्विझचा स्टिकर लावला होता. दिसायला दोन्ही सारखेच, वर प्रश्न, खाली पर्याय. पण क्विझमध्ये टाकणाऱ्याला एक पर्याय 'बरोबर' म्हणून ठरवावा लागतो. तिनं मोरपंखी ठरवला, कारण तो तिला आवडला होता! ज्यांनी आमसुली दाबली, त्यांना आपलं उत्तर चुकलं म्हणून लाल दिसलं. पासष्ट बायकांना आम्ही तुमची आवड चुकीची असं सांगून बसलो होतो.

लाल रंगापेक्षा मोठी भानगड आत होती. क्विझ दिसलं की माणूस मनातलं सांगत नाही, समोरच्याच्या मनातलं ओळखायला बघतो. दुकानाला कुठली साडी खपवायची असेल? फोटो कुणाचा चांगला काढलाय? मग फोटो बघितले. मोरपंखी साडी दुकानाच्या दारात, सकाळच्या उन्हात, पदर पसरून. आमसुली आत काउंटरवर, एलईडीखाली, घडी घातलेली. मूळचा कोकमासारखा गडद लालसर रंग फोटोत चहाच्या चोथ्यासारखा झालेला. म्हणजे 121 हा आकडा साडीचा नव्हताच. बरोबर उत्तर शोधणाऱ्यांचा आणि उन्हाचा होता.

अण्णांना फोन केला. "आता काय करायचं मग?" म्हणाले. एक दिवस मागून घ्या म्हटलं. विणकर ओळखीचा, त्यानं दिला.

लावलेला स्टिकर दुरुस्त करता येत नाही, स्टोरीच काढावी लागते. काढायच्या आधी उत्तरं देणाऱ्यांच्या यादीचे स्क्रीनशॉट घेतले. स्टोरी वर सरकवली की कुणी काय दाबलं ते नावानिशी दिसतं. कित्येक गिऱ्हाइकांना हे ठाऊक नसतं, त्यामुळे ती यादी दुकानात सगळ्यांच्या हाती द्यायची नाही असं मी तेव्हाच ठरवलं. लाल बघितलेल्या पासष्ट जणींना एक ओळीचा मेसेज केला: चूक आमची, तुमची नाही.

मग दोन्ही साड्या एकाच बाईवर, दारातल्या एकाच जागी, दहा मिनिटांच्या अंतरानं नेसवून फोटो काढले. यावेळी पोल, आणि पर्याय तीन: मोरपंखी, आमसुली, आणि 'नुसतं बघतेय'. हा तिसरा महत्त्वाचा. पोलचा निकाल मत दिल्याशिवाय दिसत नाही, त्यामुळे ज्यांना काहीच घ्यायचं नाही तीही माणसं निकाल बघायला कुठंतरी बोट लावतात. त्यांना बसायला वेगळा पाट दिला की बाकीचा आकडा जरा स्वच्छ होतो. प्रश्नही बदलला. आधी होता, "कोणती जास्त छान?" आता लिहिलं, "दिवाळीला स्वतःसाठी कोणती घ्याल?" खाली तोच प्रश्न कन्नडमध्ये. निपाणीत मराठीवर भागतं, बेळगावच्या दुकानात अर्धी गिऱ्हाइकं कन्नड बोलत येतात आणि पहिल्या स्टोरीत आम्ही त्यांना विचारलंच नव्हतं.

चोवीस तासांनी 228 मतं. मोरपंखी 71, आमसुली 89, नुसतं बघणाऱ्या 68. निकाल उलटला होता.

तरी एवढ्यावर मी ऑर्डर दिली नसती. गणपतीत आमचा एक रील बराच फिरला होता, तेव्हापासून पुण्या-मुंबईची माणसं फॉलो करतात. ती मत देतात, साडी घ्यायला खडेबाजारात येत नाहीत. म्हणून मी आणि ती पोरगी दुपारभर यादी आणि दुकानाची गिऱ्हाइकांची वही समोरासमोर धरून बसलो. नावं जुळवणं किचकट. कुणी टोपणनावानं, कुणाचं खातं मुलाच्या नावावर, एकीच्या खात्यावर फक्त तुळशीचा फोटो. खात्रीनं ओळखता आल्या त्या 64 जणी. त्यात आमसुली 41, मोरपंखी 23.

कशानं उलटलं म्हणून अण्णांनी विचारलं. खरं सांगायचं तर ते मला सांगता येत नव्हतं. स्टिकर, फोटो, प्रश्न, भाषा, चारही गोष्टी एकदम बदललेल्या. नीट तपासायचं असतं तर एकेक बदलून बघावं लागलं असतं, पण तेवढे दिवस नव्हते. फक्त एक धागा हाताला लागला. दोन्ही याद्यांत असलेल्या आणि मत बदललेल्या एका वैनींना मी फोन केला, आधी मोरपंखी का दाबलं म्हणून.

"छान आहे की ती! पण माझ्या वयाला शोभंल काय? सुनेसाठी बघितली असती. तुम्ही आता स्वतःसाठी म्हणून विचारलासा, म्हणून दुसरी दाबली."

आम्ही पहिल्यांदा साडी कशी दिसते ते विचारलं होतं, कोण नेसणार ते नाही. वहीतली आमची बहुतेक गिऱ्हाइकं चाळिशीच्या पुढची आहेत. मोरपंखी त्यांना आवडते, पण दुसऱ्याच्या अंगावर. अर्थात एका फोनवर सगळं ठरवायचं नाही, आणि दिवाळीत बायका सुनेला-लेकीलाही घेतात. म्हणून 41 ला 23 असतानाही मी आमसुली दुप्पट मागवा म्हटलं नाही. पन्नास आमसुली, चाळीस मोरपंखी. अण्णा कुरकुरले, "एवढं सगळं करून शेवटी निम्मं निम्मंच की!" आधीच्या हिशेबानं साठ मोरपंखी आल्या असत्या, एवढंच म्हटलं.

वसुबारसेपर्यंत आमसुलीच्या सहा उरल्या, मोरपंखीच्या अकरा. मत देणाऱ्यांपैकी कोण येतं ते वहीत खूण करून बघत होते. त्या 64 मधल्या एकोणीस जणी आल्या, आणि त्यातल्या सगळ्यांनी काही मत दिलेलीच साडी घेतली नाही.

निपाणीच्या काकू धनत्रयोदशीला आल्या, मुद्दाम बेळगावच्या दुकानात. काउंटरवर कोपर टेकवून त्या पोरीला म्हणाल्या, "आज कुठली बरोबर हाय, ते आधी सांग बघू." पोरगी लाजून आत पळाली. काकूंनी दोन्ही खण उलगडून बघितले, पदर हातावर घेतला, किंमत विचारली, आणि शेवटी पलीकडच्या कपाटातली काळी इरकल घेऊन गेल्या.