वाघळं मोजताना माझा आकडा कुठे चुकला

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका जांभ्याच्या गुहेतली वटवाघळं मोजायची होती, म्हणजे आत न शिरता, संध्याकाळी ती बाहेर पडताना. आत गेलं की सगळी कॉलनी उठते म्हणून दारातच मोजायचं. मला वाटलं सोपं आहे, हातात क्लिकर, एक वाघूळ बाहेर आलं की एक टिक.

बसायची जागा आधी शोधली. दाराच्या एका बाजूला, खाली, जिथून वाघळं उरलेल्या उजेडाच्या आभाळावर काळी दिसतात, आणि त्यांच्या उडायच्या वाटेत आपण येत नाही. फेब्रुवारीचा शेवट, काजूचे दिवस, सूर्य साडेसहाच्या पुढे बुडतो. सत्तरीत या दिवसांत माकडतापाच्या गोचिडींची भीती असते म्हणून पूर्ण बाह्या, पँट मोज्यांत खोचलेली, पायांना तेल. आणि मग तासभर हलायचं नाही, टॉर्चसुद्धा लाल, आणि तोही फक्त वही बघायला.

पहिल्या तीन संध्याकाळचे आकडे आले 1,340, 905 आणि 1,210. गाईड मॅडमनी वही बघितली आणि एवढंच विचारलं, "दोन दिवसांत चारशे वाघळं गेली कुठे?" मी ढगांवर ढकललं, पण माझं मलाच पटलं नव्हतं.

उत्तर दिलं वाटेवरच्या काजूच्या बागायतीतल्या काकांनी. चौथ्या दिवशी ते माझ्यामागे येऊन बसले, बराच वेळ बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "अगो बाय, तींच तीं भितर वतात आनी परत भायर सरतात." मी क्लिकरवरून नजर काढून पहिल्यांदा नीट बघितलं तर खरंच, दाराशी येऊन बाहेर एक गिरकी, पुन्हा आत, पुन्हा बाहेर. उजेड अजून आहे का ते तपासत होती. उजेडात शिकारी पक्ष्यांचा धोका असतो ना, त्यामुळे नीट अंधार पडेपर्यंत हे चालूच राहतं. एकच वाघूळ मी चारदा मोजत होते, आणि ज्या दिवशी आभाळ स्वच्छ, संधिप्रकाश लांबलेला, त्या दिवशी आकडा जास्त.

त्या संध्याकाळी नशिबाने मैत्रिणीचा कॅमेराही लावलेला होता, सोबत आपल्याला न दिसणारा इन्फ्रारेड दिवा. रेकॉर्डिंग मी पाव स्पीडने एकेक मिनिट करून बघितलं, चार रात्री गेल्या त्यात. माझ्या क्लिकरवर 1,168 होते. व्हिडिओत बाहेर आलेली 1,291, आत परत गेलेली 437, म्हणजे खरी गेलेली 854. पहिल्या दहा मिनिटांतच 398 बाहेर आणि 371 आत, शिल्लक फक्त 27!

पण 1,168 पेक्षा 1,291 जास्त कशी, हे मला आधी कळेना. मग मिनिटांचा हिशोब लावला. ऐन गर्दीत पुंजक्यांनी बाहेर पडतात तेव्हा माझा अंगठा मिनिटाला 95 ते 100 च्या वर जातच नव्हता, व्हिडिओत त्यातल्या एका मिनिटाला 141 होती. जुन्या वहीत बघितलं तर तिन्ही दिवशी गर्दीची मिनिटं अशीच 96, 98, 97. एवढी सारखी मिनिटं दिसली तर समजायचं की हा वाघळांचा नाही, आपल्या अंगठ्याचा आकडा आहे. म्हणजे सुरुवातीला मी जास्त मोजत होते आणि गर्दीत कमी, आणि दोन चुका एकमेकींना थोडं झाकत होत्या, म्हणून तर लवकर सापडल्या नाहीत.

त्यानंतर आम्ही दोघी बसायला लागलो. मी फक्त बाहेरची, ती फक्त आतली, दर मिनिटाला दोन्ही आकडे वहीत, गर्दीची पाच-सहा मिनिटं व्हिडिओवरून. आणि थांबायचं तेव्हाच जेव्हा सलग दहा मिनिटं एकही आत-बाहेर नाही. आकडे आले 846, 871, 839. तरी अहवालात मी "किमान" असंच लिहिलं, कारण हा बाहेर पडलेल्यांचा आकडा आहे, गुहेतल्यांचा नाही. त्या रात्री आतच राहिलेली यात येत नाहीत, आणि पिल्लांच्या दिवसांत तर न उडणारी पिल्लं आतच असतात.

शेवटच्या संध्याकाळी आठ मिनिटं सगळं शांत होतं, मैत्रीण वही मिटायला लागली, पाय पूर्ण बधिर झालेले, आणि नवव्या मिनिटाला दोन वाघळं लागोपाठ निघाली. तिने वही परत उघडली, दोन लिहिले, आणि आम्ही पुन्हा एकपासून दहा मिनिटं मोजायला सुरुवात केली.